दवाखान्यातल्या सहकारी ताईंना दोन ओळी : मराठीत लिहिल्या, इंग्रजीत कशा न्याव्यात?

मकरपुरावाली

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्समध्ये आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताई मूळ केरळच्या. त्यांचं हिंदी चांगलं आहे, गुजरातीही बोलतात, पण वाचायचं म्हटलं की मल्याळम किंवा इंग्रजी. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मी पहिल्या दिवसापासून त्यांना ‘ताई’ म्हणते आणि त्यांनाही ते आवडतं.

परवा त्यांचं अचानक पोटाचं ऑपरेशन झालं. कशाचं, ते त्यांच्या यजमानांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आता आयसीयूतून वॉर्डात आणलंय एवढं कळलं. मला त्यांना चार शब्द पाठवायचेत. माझ्या मनात येतं ते मराठीत, म्हणून आधी मराठीत लिहिलं. आता ते इंग्रजीत करायला बसले तर सगळं कोरडं किंवा विचित्र होतंय. माझा मसुदा असा :

*आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. आपल्या अस्वास्थ्याबद्दल कळले आणि मन फार हळहळले. अचानक असे कसे झाले? काळजी करू नका, सगळे ठीक होईल. आपण लवकरात लवकर ठणठणीत बऱ्या होऊन कामावर रुजू व्हाल अशी ईश्वरचरणी प्रार्थना. नारळपाणी आणि पपई घेत जा. काही लागले तर हक्काने सांगा. आपल्याशिवाय ऑफिस सुने सुने वाटते, जीएसटीचे कामही अडले आहे.*

इथे रोमन लिपी चालत नाही, म्हणून इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच लिहा. आधीच आभार.

एमबीएमनोज

सोपं आहे. ऑफिसच्या मेलमध्ये एकच ओळ टाका : ‘विशिंग यू अ स्पीडी रिकव्हरी’. खाली सगळ्यांची नावं. देव, पपई, हक्क यातलं काही नको. कामाच्या जागी भावना कमी आणि शिस्त जास्त असावी. मसुदा गाळा, चाळणीत जे उरेल ते पाठवा.

सुरसागर

मेडिक्लेम कॅशलेस होता का? माझ्या मेव्हण्याच्या वेळी विमा कंपनीचे दावे बघणाऱ्या टीपीएनं अर्धी रक्कम अडवली होती. डिस्चार्ज समरी आणि बिलांच्या मूळ प्रती जपून ठेवायला सांगा, फाइल यजमानांच्या नावानं करा.

मकरपुरावाली

सुरसागर, तो विषय नाही हो. मला फक्त निरोप लिहायचाय. पण यजमानांना सांगेन.

मनोज, तसं लिहिलं तर त्या ओळीत मी दिसणारच नाही. रोज दुपारचा डबा आम्ही समोरासमोर बसून खातो. एकदम सरकारी पत्र कसं पाठवू?

सिस्टरबाई

बडोद्याच्या वॉर्डांत माझी उभी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. इंग्रजीचं दुसरं कोणी सांगेल. पेशंटच्या खाटेजवळ हा निरोप पोचल्यावर काय होतं, ते मी सांगते.

पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस पहिले काही दिवस धड वाचू शकत नाही. वेदनाशामक औषधांनी डोळ्यांवर गुंगी असते, दोन ओळींनंतर अक्षरं पळतात. फोन उशाशी नसतो, नातेवाइकांकडे असतो. म्हणजे तुमचा निरोप ताई वाचणार नाहीत, त्यांचे यजमान तो मोठ्यानं वाचून दाखवणार. आणि शेजारच्या खाटेवरची बाई आणि तिची सून तो ऐकणार. लिहिताना हे डोळ्यांसमोर ठेवा. मोठ्यानं वाचल्यावर जे अवघड वाटेल, ते लिहू नका.

आता मसुदा. ‘अचानक असे कसे झाले?’ हा प्रश्न आधी काढा. प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं. यजमानांनी आजाराचं नाव सांगितलं नाही, म्हणजे सांगायचं नाहीये. तुमच्या एका प्रश्नामुळे त्यांना एकतर खोटं बोलावं लागेल किंवा शेजारच्या खाटेसमोर खरं.

‘मन हळहळले’ हा शब्द आपण कुणी गेल्यावर वापरतो. मराठीत वाचूनही मला थोडं गारच वाटलं.

पपई, नारळपाणी नको. पोटावर शस्त्रक्रिया झाली की तोंडानं काय घ्यायचं, कधी घ्यायचं, हे सर्जन ठरवतात. आधी घोट घोट पाणी, मग पातळ पदार्थ, मग मऊ, अशा पायऱ्या असतात. प्रत्येक जण काहीतरी खायला सुचवतो आणि मग पेशंट घरच्यांशी भांडतो की अमुक म्हणाली होती, मला द्या.

आणि एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही. फार विनोदी लिहू नका. पोटाला टाके असले की हसताना कळ जाते. खोकला आला तर पोटावर उशी धरा असं आम्ही सांगायचो, ते याचसाठी.

खंडेरावचौक

सिस्टरबाईंशी सहमत. माझं हर्नियाचं झालं तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्रीत फुलांच्या चित्रांचा पाऊस पडला. गुलाब, मोगरा, हात जोडलेले गणपती. सकाळपर्यंत फोन टुंग टुंग करत होता, बायकोनं शेवटी तो पिशवीत कोंबला. त्या गर्दीत एकच निरोप मला आठवतो. शेजारच्या पटेलकाकांनी गुजरातीत लिहिलं होतं की ‘तमारी स्कूटर अंदर मूकी दीधी छे’. पावसात बाहेर राहिली होती ती. बस्स. तब्येतीचं काही नाही. पण मला एवढं बरं वाटलं!

माझं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं होतं, जाळी बसवली. कोणाला विचारायचं असेल तर विचारा.

सिस्टरबाई

खंडेरावचौक, तुमच्या पटेलकाकांनी बरोबर नस पकडली. आजारी माणसाला आपल्या तब्येतीबद्दल दिवसभर ऐकायला मिळतंच. बाहेर राहिलेल्या कामांची त्याला जास्त टोचणी असते. मकरपुरावाली, ताईंची स्कूटर कुठली ते शोधा.

मकरपुरावाली

त्यांची स्कूटर म्हणजे जीएसटी रिटर्न. खरंच. आमची भागीदारी पेढी आहे आणि रिटर्न भरताना ओटीपी ताईंच्या मोबाइलवर येतो. आज 7 तारीख, 11 ला जीएसटीआर-1 ची मुदत. साहेब म्हणतायत की निरोपाच्या शेवटी ‘सवडीनं ओटीपी पाठवा’ एवढं घालून टाक, एका दगडात दोन पक्षी. मला ते पटत नाहीये, पण नाही कसं म्हणू?

एमबीएमनोज

साहेबांचं बरोबर आहे. मुदत मुदत असते. ‘वेनेव्हर कन्व्हीनियंट’ असं सौम्य लिहा, झालं. बऱ्याच लोकांना कामात गरज आहे हे कळल्यावर उभारी येते, हेही लक्षात घ्या.

वहीखातं

थांबा, थांबा. त्या ओटीपीसाठी दवाखान्यात जायची गरजच नसावी. पोर्टलवर रिटर्न दाखल करायच्या पानावर अधिकृत सहीदार निवडायची यादी येते. ज्याचं नाव निवडाल त्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर आणि ई-मेलवर ओटीपी जातो. भागीदारी पेढी म्हणजे बहुतेक वेळा एखादा भागीदारही त्या यादीत असतोच. ताईंचंच नाव निवडायची सवय लागली असेल, म्हणून वाटतं की फक्त त्यांनाच येतो. यादी उघडून बघा. साहेब स्वतः भागीदार असतील तर त्यांचाच मोबाइल त्यांच्या खिशात आहे.

आणि 11 ला जीएसटीआर-1, मग 20 ला कर भरायचं रिटर्न, जीएसटीआर-3बी. दोन्ही तारखा लक्षात ठेवा, नाहीतर 19 ला परत हाच धागा वर येईल. 3बी उशिरा भरलं तर दिवसाला 50 रुपये लेट फी, काही व्यवहारच नसेल तर 20. कर थकला तर त्यावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज. म्हणजे अगदी दोन दिवस उशीर झाला तरी साहेबांच्या पेढीवर आकाश कोसळत नाही, हेही त्यांना सांगा.

मकरपुरावाली

वहीखातं, तुम्ही देवमाणूस आहात. यादीत साहेबांचं नाव आहे! इतकी वर्षं कुणी ती यादी उघडून बघितलीच नव्हती. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, ‘हां, चालशे.’ उद्या सकाळी बसून भरतो.

सिस्टरबाई

बघा, आता तुम्हाला निरोपात लिहायला खरं वाक्य मिळालं. ‘काळजी करू नका’ असं नुसतं म्हटल्यानं कुणाची काळजी जात नाही. रिटर्न भरलं गेलं हे वाचलं की जाते. पण आधी भरा आणि मग लिहा. ‘भरू’ म्हणून लिहिलंत आणि 11 ला अडलं, तर ताई खाटेवर पडून तारीख मोजत बसतील.

मनोज, गरज असल्याची उभारी येते हे अर्धंच खरं आहे. बरं वाटायला लागल्यावर, घरी गेल्यावर येते. पोटात नळी असताना येत नाही. तेव्हा फक्त अपराधी वाटतं.

अलकापुरीटपाल

उशिरा आलो. मी पंचवीसेक वर्षं एका निर्यात करणाऱ्या कंपनीत परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार केला. त्यात आजारपणाची, बाळंतपणाची, सांत्वनाची पत्रं खूप लिहिली. काही उत्तम गेली, काहींवर समोरून अवघडलेली शांतता आली. इंग्रजीचा भाग मी घेतो.

मुख्य अडचण ‘आपण’ आणि ‘व्हा’ यांची आहे. मराठीत ‘लवकर बऱ्या व्हा’ यात आज्ञार्थ असला तरी आदर क्रियापदाच्या शेपटातच असतो. इंग्रजीत ते शेपूट गळून पडतं आणि हातात उरतो हुकूम. ‘गेट वेल सून’ शुभेच्छापत्रावर छापलेलं चालतं, कारण तिथे ते कुणी बोलत नसतं. पण वयानं मोठ्या माणसाला आपल्या हातानं लिहिताना तो आदर दुसरीकडून आणावा लागतो. मी तो ‘आय होप’नं आणायचो. म्हणजे माझी इच्छा सांगायची, तुम्ही काय करा ते नाही सांगायचं.

दुसरं, ‘लवकरात लवकर’. मराठीत ते ओघात येतं, कुणी घड्याळ बघत नाही. इंग्रजीत ‘स्पीडी’ आणि ‘सून’ दोन्ही लिहून त्यापुढे कामावर रुजू होण्याचं लिहिलंत, की वाचणाऱ्याला वाटतं, रजा मोजली जातेय. ऑफिसातून आलेल्या निरोपात तर हमखास. घाईचा शब्द काढून ‘टेक ऑल द टाइम यू नीड’ लिहा.

तिसरं, ‘काही लागलं तर हक्कानं सांगा’. यातला ‘हक्क’ इंग्रजीत जात नाही. ‘लेट अस नो इफ यू नीड एनिथिंग’ असं होतं आणि ते दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो तसं लागतं. हक्क दाखवायचा असेल तर नेमकं काहीतरी देऊ करा. काय, कधी, आणि ‘हो’ किंवा ‘नको’ एवढ्यावर भागेल असं.

लहेरीपुरा

नेमकं म्हणजे लीलो चिवडो! बडोद्याच्या माणसाला बडोद्याचा चिवडा. अर्धा किलो पाठवा, ताई उठून बसतील.

सिस्टरबाई

पोटाच्या ऑपरेशनवर तळलेला चिवडा! अहो, काय हे! वॉर्डात बाहेरचं खाणं पेशंटला देऊ देत नाहीत, आणि देऊ दिलं तरी द्यायचं नसतं.

पण नवऱ्याला द्या. तो बिचारा कॅन्टीनचं खाऊन, खुर्चीवर झोपून दिवस काढतोय. त्याची चौकशी कुणीच करत नाही. मकरपुरावाली, तुमचं घर दवाखान्यापासून जवळ आहे का?

मकरपुरावाली

स्कूटरवर फार लांब नाही. त्यांच्या यजमानांसाठी रात्रीचा डबा नेऊ शकते. मंगळवार आणि गुरुवारी मी लवकर सुटते.

अलकापुरीटपाल

मग तेच. पण ताईंच्या निरोपात वेळापत्रक घालू नका, ते यजमानांना वेगळं कळवा. ताईंना एवढंच कळू दे की जेवणाची व्यवस्था त्यांना बघायची नाही.

आता देव. ‘ईश्वरचरणी प्रार्थना’ याचं ‘प्रेइंग ॲट द लॉर्ड्ज फीट’ केलंत तर ते चर्चमधल्या प्रवचनातलं वाटेल. ‘वी आर प्रेइंग फॉर यू’ सरळ आहे, पण ते खरंच करत असाल तरच लिहा.

एमबीएमनोज

ऑफिसमधून धर्म नको, या मतावर मी ठाम आहे. ‘आवर थॉट्स आर विथ यू’ लिहा, कुणाला खटकणार नाही.

मकरपुरावाली

ताई दर रविवारी फतेगंजला चर्चमध्ये जातात. माझ्या आईसाठी त्यांनी मेणबत्ती लावली होती, मला आवर्जून सांगितलंही होतं. मी गणपतीला त्यांच्यासाठी दूर्वा वाहिल्यात. हे लिहिलं तर त्यांना आवडेल असं वाटतं.

अलकापुरीटपाल

तर मग लिहाच. ‘थॉट्स आर विथ यू’ अनोळखी माणसासाठी ठीक. इथे दोघींमध्ये मेणबत्तीची देवघेव आधीच झालेली आहे.

एमबीएमनोज

वैयक्तिक फोनवरून वैयक्तिक निरोप असेल तर माझी हरकत नाही. पण सगळ्या ऑफिसच्या नावानं नको. यावर मी बदलणार नाही.

सिस्टरबाई

मनोजच्या या मुद्द्याला मी मान डोलावते. सगळ्यांच्या वतीनं एकीनंच लिहावं, आणि त्यात देव एकीचाच असावा. बाकीच्यांनी निदान आठवडाभर काही पाठवू नये. तीस निरोप म्हणजे तीस वेळा फोन वाजणं. शक्य असेल तर निरोप दुपारी पाठवा. सकाळी डॉक्टरांची फेरी, ड्रेसिंग, रक्त घेणं, आणि संध्याकाळी भेटायला येणारे.

खंडेरावचौक

लिहिण्यापेक्षा आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर? मला वाचता येत नव्हतं तेव्हा भाच्याचा आवाज ऐकायला बरं वाटलं होतं.

सिस्टरबाई

घरच्या माणसाचा आवाज वेगळा. ऑफिसच्या माणसाचा निरोप लेखीच बरा असं मला वाटतं. आवाज वॉर्डात घुमतो, मधे थांबवता येत नाही, आणि बोलणारा हमखास लांबड लावतो. पण हे माझं मत. काही पेशंटांना आवाज हवासा वाटतो हे मी पाहिलेलं आहे.

मकरपुरावाली

रिटर्न भरलं. पोच पावतीचा क्रमांक आला, ताईंच्या टेबलावरच्या फायलीत प्रिंट लावून ठेवली. त्यांना तशीच लागते, उजव्या कोपऱ्यात तारीख लिहून.

आता आधी मराठी नव्यानं लिहिलं. मसुद्यात काटछाट करण्यापेक्षा कोरी पाटी बरी वाटली :

*ताई, तुम्ही आयसीयूतून बाहेर आलात हे कळलं आणि आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. या महिन्याचं जीएसटीआर-1 भरून झालं, साहेबांच्याच मोबाइलवर ओटीपी आला. प्रिंट तुमच्या फायलीत लावली आहे, उजव्या कोपऱ्यात तारीख घालून. पुढचं 20 तारखेचंही असंच होईल. भाऊजींच्या जेवणाचं मी त्यांच्याशीच बोलते, तुम्ही त्यात लक्ष घालू नका. गणपतीला तुमच्यासाठी दूर्वा वाहिल्या. हवा तेवढा वेळ घ्या. उत्तर पाठवायची गरज नाही.*

आणि इंग्रजी :

*डिअर ताई, वी वर सो रिलीव्ड टू हिअर दॅट यू आर आउट ऑफ द आयसीयू. दिस मन्थ्स जीएसटीआर-1 इज फाइल्ड. द ओटीपी केम ऑन सर्स मोबाइल. द प्रिंटआउट इज इन युअर फाइल, विथ द डेट इन द राइट कॉर्नर. 20थ विल बी डन द सेम वे. काइंडली डू नॉट टेक टेन्शन. आय विल स्पीक टू युअर हजबंड अबाउट हिज डिनर. आय ऑफर्ड दूर्वा टू गणपती फॉर युअर हेल्थ. टेक ऑल द टाइम यू नीड. नो नीड टू रिप्लाय.*

अलकापुरीटपाल

मराठी तर फर्मास. ‘जिवात जीव आला’ जसंच्या तसं न नेता ‘सो रिलीव्ड’ केलंत ते योग्य.

इंग्रजीत थोडीच डागडुजी. ‘काइंडली डू नॉट टेक टेन्शन’ काढा. अर्ज आणि हिंदी यांचं लग्न लावल्यासारखं आहे ते, आणि मराठीत तर ते वाक्यच नव्हतं, मधेच घुसलं. ‘फॉर युअर हेल्थ’ नुसतं ‘फॉर यू’ करा. ‘नो नीड टू रिप्लाय’ तुटक लागतं. मराठीत ‘गरज नाही’ मऊ वाटतं, इंग्रजीत दार लावून घेतल्यासारखं. ‘प्लीज डोन्ट फील यू हॅव टू रिप्लाय’ म्हणा. लांब आहे, पण इंग्रजीत आदर बहुतेक वेळा लांबीतूनच येतो.

‘दूर्वा’ तसंच ठेवा. बडोद्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईला ते कळेल, नाही कळलं तर ती विचारेल. ‘सेक्रेड ग्रास’ वगैरे करायला जाऊ नका, वॉर्डात कुणी मोठ्यानं वाचलं तर घोटाळा होईल. ‘ताई’ही तसंच.

आणि हे लक्षात असू द्या की वाचणारी बाई लंडनला नाही, बडोद्यात आहे. ‘सर’, ‘ओटीपी’, ‘20थ’ हे तिच्याच रोजच्या इंग्रजीतलं आहे. मी परदेशी ग्राहकाला लिहीत असतो तर दूर्वांचं वाक्य काढलं असतं आणि रिटर्नचा तपशील एका ओळीत उरकला असता. इथे तो तपशीलच तर निरोप आहे.

वहीखातं

उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचून मलाच बरं वाटलं. अकाउंट्सचा माणूस खाटेवर पडला की डोळ्यांसमोर फायलीच येतात.

एमबीएमनोज

एक शंका. रिटर्नचा एवढा तपशील दिला तर ‘माझ्यावाचून अडलं नाही’ असं वाटून वाईट नाही का वाटणार? मी तीन ओळी कापून एक ठेवेन.

सिस्टरबाई

शंका चांगली आहे. काहींना वाटतं खरं. विशेषतः निवृत्तीला आलेल्यांना आणि ज्यांची नोकरी डळमळीत आहे त्यांना. ताईंचं तसं आहे का, ते मकरपुरावालीलाच ठाऊक.

मकरपुरावाली

ताईंची नोकरी पक्की आहे. तरी मनोजचं वाचून थोडी थबकले. म्हणून एक वाक्य वाढवलं : ‘वी हॅव नॉट टच्ड युअर अदर फाइल्स’. त्यांच्या कपाटाला दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना अजिबात खपत नाही. हे वाचून त्यांना माझा चेहरा दिसेल.

अलकापुरीटपाल, तुमच्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्या. दुपारी पाठवलं. भाऊजींना डब्याचं वेगळं लिहिलं, त्यांचं लगेच उत्तर आलं : मंगळवारी चालेल, गुरुवारी त्यांची बहीण कोट्टायमहून येतेय. मासे चालतील का असं मी विचारलं, तर फक्त हसरा चेहरा आला. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

खंडेरावचौक

अर्थ : न्याच.

सिस्टरबाई

न्या, पण वॉर्डात डबा उघडू देऊ नका, वासानं पेशंटांना मळमळतं. खाली बाकावर खाऊ देत.

लहेरीपुरा

आणि चिवडा? भाऊजींना चालेल ना?

सुरसागर

डिस्चार्ज समरीचं सांगितलंत का?

मकरपुरावाली

सुरसागर, मंगळवारी डबा देताना सांगते. लहेरीपुरा, चिवडा नेते.

नवीनसदस्य_कारेलीबाग

छान धागा. माझ्या गुजराती शेजारणीची बायपास झाली आहे, तिला गुजरातीत असंच काही लिहायचं आहे. कुणी मदत करेल का?

अलकापुरीटपाल

करू की. वेगळा धागा काढा. आणि आधी एवढं सांगा, तिचं घरातलं कुठलं काम अर्धवट राहिलंय?